एका ओळीच्या निरोपातील ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’



भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी नाका लागतो. तेथूनच वज्रेश्वरीकडे रस्ता फुटतो. या बाजूची पुष्कळ मुले-मुली आज भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात. माल आला, टेम्पो सुटला, किल्ली अमक्याजवळ ठेवली, असे निरोप दिवसभर मोबाईलवर जात असतात, आणि प्रत्येक निरोप एका ओळीचा. मालक किंवा वरचा साहेब मराठी जाणणारा नसला म्हणजे ही ओळ इंग्रजीत लिहावी लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे ‘टेम्पो’, ‘गेट’, ‘वॉचमन’ या शब्दांची अडचण कोणाला पडत नाही. गाडी अडते ती या शब्दांच्या आधी काय लावायचे तेथे. ‘अ’ लावू, ‘ॲन’ लावू, की ‘द’ लावू? इंग्रजीत यांना आर्टिकल म्हणतात; आपल्या व्याकरणाची पुस्तके त्यांना उपपदे म्हणतात. मराठीत अशी उपपदे नाहीत, म्हणून आपले बोट तेथे थबकते.

शाळेत आपल्याला एक नियम सांगितलेला असतो. एखाद्या वस्तूचा प्रथम उल्लेख आला की ‘अ’, आणि तिचाच पुन्हा उल्लेख आला की ‘द’. ‘एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिला राजा ‘अ किंग’, दुसऱ्या वाक्यातला तोच राजा ‘द किंग’. गोष्टीपुरता हा नियम ठीक आहे. पण आपल्या मेसेजात दुसरे वाक्य येतेच कुठे? ओळ एक, आणि तीत टेम्पोचा उल्लेखही एकदाच. हा नियम अक्षरशः पाळायचा तर मेसेजात ‘द’ला जागाच उरणार नाही. प्रत्यक्षात इंग्रजी चांगले जाणणाऱ्यांच्या एका ओळीच्या निरोपांत ‘द’ जागोजाग असतो. मग तो येतो कोठून?

थोडा विचार करा. गोष्टीतल्या दुसऱ्या वाक्यात ‘द किंग’ का म्हणायचे? दुसरी खेप आहे म्हणून नव्हे. एव्हाना ऐकणाऱ्याला कोणता राजा ते कळलेले आहे म्हणून. हे कळणे खरे महत्त्वाचे. गोष्टीत ते आधीच्या वाक्यातून येते. मेसेजात ते मेसेजाच्या बाहेरून येते : सकाळी फोनवर झालेल्या बोलण्यातून, दोघांच्या रोजच्या कामातून, किंवा ती वस्तू त्या ठिकाणी एकच असते यातून. गोदामाला गेट एकच असेल तर ते पहिल्या उल्लेखातच ‘द गेट’. म्हणून लिहिताना मनाशी एकच प्रश्न करावा : माझा निरोप वाचणाऱ्याला मी कोणती वस्तू म्हणतो आहे ते आधीपासून ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर ‘द’. ठाऊक नसेल, किंवा कोणतीही चालणार असेल, तर ‘अ’ किंवा ‘ॲन’.

आता एक उदाहरण पुरते सोडवून पाहू. समजा, आपल्या गावची एक मुलगी गोदामात देखरेखीला आहे. संध्याकाळी सात वाजता ती कुलूप लावते, किल्ली रखवालदाराच्या हाती देते आणि मुंबईतल्या मालकाला ओळ पाठवते : ‘आय हॅव लेफ्ट द की विथ द वॉचमन.’ मालकाला किल्ली कोणती ते ठाऊक, कारण कुलपाला एकच किल्ली आहे. रखवालदार कोण तेही ठाऊक, कारण त्याचा पगार तोच देतो. दोन्ही ठिकाणी ‘द’ आहे, आणि मालक निश्चिंत झोपतो.

तीच मुलगी शाळेतला नियम धरून बसली आणि तिने लिहिले, ‘द की विथ अ वॉचमन’. आता मालक अंथरुणातून उठून बसेल. ‘अ वॉचमन’ म्हणजे कोणी एक रखवालदार. आपला नव्हे? शेजारच्या गोदामाचा? लाखाचा माल आत, आणि किल्ली कोणा परक्याच्या हाती? उलट तिने ‘अ की विथ द वॉचमन’ असे लिहिले, तर रखवालदार आपलाच हे कळले, पण किल्ल्या किती झाल्या? दुसरी किल्ली कोणी केली? कुलपाच्या खरोखरच दोन-तीन किल्ल्या असतील आणि त्यांतली एक ठेवली असेल, तर मात्र हे लिहिणे बरोबर. आणि ‘अ की विथ अ वॉचमन’ असे लिहिले, तर कोणती तरी किल्ली कोणा तरी रखवालदाराजवळ आहे, एवढाच बोध झाला. म्हणजे निरोप पोचून न पोचल्यासारखाच.

शिक्षकबंधूंनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्याकरणाच्या दृष्टीने या चारही ओळी बिनचूक आहेत. वहीत नुसती ओळ पाहून कोणतीही एक लाल शाईने खोडता यायची नाही. चूक आहे की नाही हे ठरवायला निरोप कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी धाडला हे माहीत असावे लागते. म्हणूनच ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नातून मूल हे शिकत नाही.

मग मराठी माणसाला ते आतून कसे कळावे? कळते, कारण मराठीत उपपद नसले तरी हा भेद मराठीत आहे. आपण म्हणतो, ‘किल्ली वॉचमनजवळ ठेवलीय.’ नाम उघडेच आहे, तरी ऐकणारा समजतो की नेहमीचीच किल्ली, नेहमीचाच वॉचमन. आणि परका असेल तर आपण होऊन म्हणतो, ‘एका वॉचमनजवळ ठेवलीय.’ ‘टेम्पो आला’ म्हणजे ज्याची वाट पाहत होतो तो आला. तो इंग्रजीत ‘द टेम्पो’. ‘एक टेम्पो आलाय’ म्हणजे कोणता तरी आला. तो ‘अ टेम्पो’. तेव्हा लिहिण्यापूर्वी ओळ मराठीत पुटपुटून पाहावी. ‘एक’, ‘कोणी एक’ हे शब्द सहज बसले तर ‘अ’. ‘आपला’, ‘तो ठरलेला’ असे बसले तर ‘द’.

या कसोटीला दोन ठिकाणी मर्यादा पडते. पहिले ठिकाण धंदा-व्यवसाय सांगण्याचे. ‘माझा भाऊ ड्रायव्हर आहे’ या वाक्यात मराठी ‘एक’ मागत नाही, इंग्रजी मागते : ‘माय ब्रदर इज अ ड्रायव्हर.’ दुसरे ठिकाण न मोजता येणाऱ्या नामांचे. ‘लीव्ह’, म्हणजे रजा, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’ यांना मराठीत आपण खुशाल ‘एक’ लावू, पण इंग्रजीत ‘अ’ लागत नाही. ‘आय नीड अ लीव्ह’ हे आपल्याकडे फार आढळते. तेथे नुसते ‘आय नीड लीव्ह’ लिहावे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? उपपद गाळूनच टाकावे. तारेत असेच करीत. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून ‘द’ आणि ‘अ’ यांना पहिली कात्री लागे. आपल्या देशातली तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. साध्या एसएमएसलाही मर्यादा असते. एका संदेशात रोमन लिपीतली १६० अक्षरे आणि देवनागरीतली ७० मावतात. पण ‘द’ लिहायला पुढच्या मोकळ्या जागेसकट चारच अक्षरे लागतात. एका ओळीत तेवढी जागा असतेच. गाळून अर्थ बिघडत नसेल तर गाळावे. ‘टेम्पो रीच्ड’ एवढ्याने काम भागते, कारण वाट एकाच टेम्पोची पाहिली जात आहे. पण ‘सेंड टेम्पो’ यात दोन अर्थ दडले आहेत : माल भरून उभा आहे तो टेम्पो पाठवा, की कोणताही रिकामा टेम्पो पाठवा? पहिल्यासाठी ‘सेंड द टेम्पो’, दुसऱ्यासाठी ‘सेंड अ टेम्पो’. येथे काटकसर केली तर चुकीची गाडी येते आणि फेरी फुकट जाते.

आता राहिला ‘ॲन’. याचा अर्थाशी संबंध नाही, केवळ उच्चाराशी आहे. इंग्रजी पुस्तके पाच स्वराक्षरे सांगतात आणि मुले स्पेलिंगकडे पाहून फसतात. आपल्याला याहून सोपी युक्ती आहे. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहा. पहिले अक्षर स्वर आले तर ‘ॲन’, व्यंजन आले तर ‘अ’. ‘अवर’, म्हणजे तास, याचे स्पेलिंग एचने सुरू होते, पण देवनागरीत अ. म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिफॉर्म’चे स्पेलिंग यूने सुरू होते, पण देवनागरीत य, म्हणून ‘अ युनिफॉर्म’. ‘वन-वे रोड’मध्ये व; म्हणून ‘अ वन-वे रोड’. आद्याक्षरांनाही हाच न्याय : ‘ॲन एसटी बस’, ‘ॲन ओटीपी’, पण ‘अ यूपीआय पेमेंट’. पाहायचा तो लगतचा शब्द, नाम नव्हे. ‘अ टेम्पो’, पण ‘ॲन एम्प्टी टेम्पो’.

मात्र शब्द लिहायचा तो इंग्रजी उच्चाराप्रमाणे. आपण बोलताना ‘येस्टी’ म्हणतो, ‘हापिस’ म्हणतो. ते उच्चार धरले तर ‘अ’ लागेल आणि चुकेल. म्हणून ‘एसटी’, ‘ऑफिस’ असे लिहून मगच पहिले अक्षर पाहावे.

वर्गात हे घ्यायचे असेल तर फळ्यावर एक प्रसंग मांडावा : गोदामाच्या दाराशी टेम्पो येऊन उभा आहे. एका मुलाने ज्याने तो धाडला त्या मालकाला कळवावे. दुसऱ्याने ज्याला काहीच ठाऊक नाही त्या शेजाऱ्याला. पहिला लिहील, ‘द टेम्पो इज ॲट द गेट.’ दुसऱ्याला लिहावे लागेल, ‘देअर इज अ टेम्पो ॲट युवर गेट.’ टेम्पो तोच, वाचणारा बदलला. मग तिसऱ्या मुलाने वाचणारा व्हावे आणि जेथे खटकेल तेथे ‘कोणता?’ असे मोठ्याने विचारावे. ‘द’ वाचूनही त्याला ‘कोणता?’ विचारावे लागले, तर तेथे ‘द’ चुकला. आणि नेहमीच्याच वस्तूला ‘अ’ लागलेला पाहून तो ‘म्हणजे, आपला नव्हे?’ असे म्हणाला, तर तेथे ‘अ’ चुकला. लिहिणाऱ्याने ती ओळ तिथल्या तिथे दुरुस्त करावी आणि पुन्हा वाचायला द्यावी.