हॅमस्ट्रिंग फाटल्यानंतर मैदानावर परतण्याचे टप्पे

मांडीच्या मागील बाजूस असलेल्या तीन लांब स्नायूंच्या गटाला हॅमस्ट्रिंग म्हणतात. बसताना शरीराचा भार ज्यावर टेकतो त्या ओटीपोटाच्या हाडापासून हे स्नायू निघतात आणि गुडघा ओलांडून पोटरीच्या हाडांना जाऊन मिळतात. म्हणजे ते खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवर एकाच वेळी काम करतात, आणि त्यांच्या दुखापतीचे मूळही याच दुहेरी कामात आहे. खेळाडू पूर्ण वेगाने धावत असताना पुढे झेपावलेला पाय जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधी खुबा वाकलेला आणि गुडघा सरळ होत आलेला असतो. त्या क्षणी हॅमस्ट्रिंग सर्वाधिक ताणलेली असते आणि पुढे फेकल्या गेलेल्या पायाला आवर घालण्यासाठी तिला ताणल्या जात असतानाच जोर धरावा लागतो. फुटबॉलमधील बहुतेक हॅमस्ट्रिंग याच क्षणी फाटतात, आणि बहुधा बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फेमोरिस हा स्नायूच फाटतो.

युरोपातील व्यावसायिक क्लबांच्या दीर्घकालीन पाहणीत 2001-02 च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी 12 टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या. 2021-22 मध्ये हे प्रमाण 24 टक्क्यांवर गेले. याच पाहणीत या दुखापतींपैकी 18 टक्के म्हणजे पूर्वीचीच जखम पुन्हा उघडलेली होती आणि अशा पुनरावृत्तींपैकी दोन तृतीयांशांहून अधिक खेळाडू परतल्यानंतरच्या दोन महिन्यांत घडल्या होत्या. क्लबचा डॉक्टर, फिजिओ आणि प्रशिक्षक यांची खरी परीक्षा असते ती याच काळात.

परतीची योजना कशी आखली जाते हे समजण्यासाठी क्रीडावैद्याच्या वहीतील नोंदी जशा असतात तशा घेऊन एक नमुना पाहता येईल. गोव्यातील साखळी स्पर्धेत खेळणारा, विंगवरून धावणारा 24 वर्षांचा खेळाडू कल्पावा. सामन्याच्या 67 व्या मिनिटाला पूर्ण वेगाने धावताना त्याने उजव्या मांडीचा मागचा भाग धरला आणि तो थांबला. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत बसण्याच्या हाडापासून 12 सेंटिमीटर खाली दाबल्यावर दुखणारा पट्टा सुरू होतो आणि त्याची लांबी 6 सेंटिमीटर आहे. उताणे निजवून पाय सरळ ठेवून वर उचलला असता डावा 84 अंशांपर्यंत येतो, उजवा मात्र 62 अंशांवर दुखून थांबतो. हे आकडे वहीत नेमके लिहून ठेवायचे असतात, कारण पुढच्या प्रत्येक दिवसाची तुलना त्यांच्याशीच होते.

तिसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये फाटलेल्या भागाची लांबी 7 सेंटिमीटर आणि स्नायूच्या आडव्या छेदातील व्याप्ती 10 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान दिसते, आणि जागा स्नायू जिथे कंडरेला म्हणजे त्याच्या दोरीसारख्या टोकाला जुळतो तिथली आहे. ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सच्या वर्गीकरणात अशी जखम ‘2 ब’ ठरते. त्यातील आकडा जखमेचा आकार सांगतो आणि अक्षर जागा सांगते. अक्षराचे महत्त्व आकड्याइतकेच, किंबहुना अधिक आहे, कारण कंडरेच्या आत शिरलेली ‘क’ जातीची जखम लहान दिसली तरी ती भरायला जास्त वेळ घेते आणि पुन्हा उघडण्याकडे तिचा कल असतो. या खेळाडूच्या कंडरेला धक्का नाही, ही वहीतील पहिली दिलासा देणारी नोंद आहे.

पहिला टप्पा शांततेचा असतो, पण पूर्ण विश्रांतीचा नसतो. लंगडत चालणे टाळण्यासाठी एक-दोन दिवस कुबडी द्यावी लागते, आणि चाल सुधारताच टाच गादीवर दाबून स्नायू न हलवता हलका जोर धरण्याचा व्यायाम सुरू होतो. डेन्मार्कमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंना दुखापत झालेल्या हौशी खेळाडूंच्या एका गटाचे व्यायाम दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या गटाचे नवव्या दिवशी सुरू करण्यात आले. परतायला पहिल्या गटाला सुमारे 62 दिवस लागले आणि दुसऱ्याला 83. आठवडाभर पाय हलवू न देणे हा ज्येष्ठांचा जुना सल्ला या आकड्यांपुढे टिकत नाही. भरून येणाऱ्या तंतूंना आपण कोणत्या दिशेने जुळावे हे भार मिळाल्यावरच ठरवता येते, म्हणून सुरुवातीपासून थोडा आणि मोजका भार द्यायचा असतो.

दुसऱ्या टप्प्यात स्नायूला लांब अवस्थेत जोर धरायला शिकवले जाते. स्वीडनमध्ये 2013 साली 75 अव्वल फुटबॉलपटूंवर केलेल्या अभ्यासात अशा लांबवणाऱ्या व्यायामांनी खेळाडू सरासरी 28 दिवसांत परतले, तर पारंपरिक व्यायाम करणारे 51 दिवसांत. त्या पद्धतीत तीन व्यायाम आहेत: पाठीवर निजून मांडी हातांनी धरून गुडघा सरळ करण्याचा, एका पायावर उभे राहून पुढे झुकण्याचा, आणि आधार धरून दुसरा पाय मागे घसरवत नेण्याचा. पहिला दिवसातून दोनदा करता येतो, दुसरा दिवसाआड, आणि तिसरा सर्वांत जड असल्याने तीन दिवसांतून एकदा. दुखणे किती चालेल, हा प्रश्न खेळाडू पहिल्याच दिवशी विचारतो. शून्य ते दहा या मापात चारपर्यंत दुखत व्यायाम केला तरी त्याने नुकसान होत नाही आणि स्नायूची ताकद लवकर परत येते, असे अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे. मात्र एक अट पाळावी लागते: दुसऱ्या दिवशी सकाळी दाबल्यावर दुखणारा पट्टा लांबलेला नसावा आणि पाय उचलण्याचा कोन घटलेला नसावा. रोज सकाळी दोन मिनिटांत होणारी ही तपासणी एमआरआयपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

यानंतरचा टप्पा धावण्याचा. सर्वांत अधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून त्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. दहाव्या-बाराव्या दिवशी चालताना किंवा जिना चढताना दुखत नाही, पाय जवळजवळ पूर्ण उचलला जातो, आणि खेळाडू मनापासून सांगतो की आता ठीक आहे. तो खोटे बोलत नसतो. फक्त चालण्याच्या वेगात ज्या क्षणाचा प्रश्नच येत नाही, तो क्षण अजून आलेला नसतो. वेग वाढत जातो तसा पायाला आवर घालण्याचा भार वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तर त्याहून झपाट्याने वाढतो, विशेषतः शेवटच्या पाचव्या हिश्श्यात. म्हणून मोजमाप ‘हळू’ आणि ‘जोरात’ अशा शब्दांत न करता खेळाडूच्या स्वतःच्या कमाल वेगाच्या टक्क्यांत करायचे असते. या खेळाडूचा दुखापतीपूर्वीचा कमाल वेग जीपीएस बनियनात ताशी 32.4 किलोमीटर नोंदलेला आहे. त्यानुसार 60 टक्के म्हणजे सुमारे 19.4, 80 टक्के म्हणजे 25.9, 90 टक्के म्हणजे 29.2 आणि 95 टक्के म्हणजे 30.8. पहिले सरळ धावणे 60 टक्क्यांवर होते. वेग गाठण्यासाठी आणि थांबण्यासाठी लांब अंतर दिले जाते, कारण अचानक वेग घेणे आणि अचानक थांबणे हा वेगळा भार आहे आणि तो नंतर द्यायचा असतो.

सतराव्या दिवशी 80 टक्क्यांवर तो न दुखता धावतो, पण अठराव्या दिवशी सकाळी दाबल्यावर 3 सेंटिमीटरचा पट्टा पुन्हा दुखतो आणि कोन पाच अंशांनी घटलेला दिसतो. अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही आणि पुढे रेटण्याचेही नाही; दोन दिवस मागच्या पायरीवर येऊन पुन्हा चढायचे असते. बाविसाव्या दिवशी 90 टक्के पार पडतात आणि मग वळणे, चेंडूसह धावणे, लांब क्रॉस देणे, अचानक दिशा बदलणे यांची भर पडते. फुटबॉलपटू सरळ रेषेत क्वचितच धावतो, हे प्रयोगशाळेतल्या यंत्रांना कळत नसले तरी योजनेने विसरता कामा नये.

सर्व काही जमू लागल्यावर एक चाचणी उरते. उताणे निजवून गुडघा पट्ट्याने सरळ जखडतात आणि खेळाडूला तो पाय शक्य तितक्या झपाट्याने वर उचलायला सांगतात. येथे वेदनेइतकेच महत्त्व असुरक्षिततेच्या जाणिवेला आहे. चोविसाव्या दिवशी खेळाडू म्हणतो, “दुखत नाही, पण सोडायची भीती वाटते.” ही जाणीव खरी मानून चाचणी चार दिवसांनी पुन्हा घेतली जाते, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी भीती नसते. हाताने धरून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर दोन्ही पायांतला फरक 10 टक्क्यांच्या आत येतो, आणि वेग 95 टक्क्यांपलीकडे दोनदा नोंदला जातो. मगच संघाबरोबरचा पूर्ण सराव सुरू होतो, आणि छत्तिसाव्या दिवशी सामन्याची शेवटची 30 मिनिटे मिळतात. पुढच्या सामन्यात 60 आणि त्यापुढे 90.

या योजनेच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. परतताना पुन्हा एमआरआय काढावा, असा आग्रह क्लबचे अधिकारी अनेकदा धरतात. पण 2014 साली हॉलंडमध्ये तपासलेल्या, वैद्यकीय दृष्ट्या बरे झालेल्या 53 खेळाडूंपैकी 47 जणांच्या चित्रात अजूनही खुणा दिसत होत्या. चित्र कोरे होईपर्यंत थांबायचे तर बहुतेक खेळाडूंचा हंगाम विनाकारण संपेल. दुसरीकडे, सर्व निकष पार केलेल्या खेळाडूची जखमही पुन्हा उघडू शकते आणि ती कोणाची उघडेल हे आधी सांगणारी कोणतीही एक चाचणी आजवर हाती आलेली नाही. रक्तातील प्लेटलेट्सचे इंजेक्शन देऊन दिवस कमी होतात, असा समज क्लबांत पसरलेला असला तरी हॉलंडमध्येच झालेल्या, खरे आणि खोटे इंजेक्शन यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात परतीच्या दिवसांत फरक आढळला नाही.

योजना सामन्याच्या दिवशी संपत नाही. परतल्यानंतर किमान दोन महिने आठवड्यातून एक-दोनदा गुडघ्यांवर टेकून, घोटे कोणीतरी धरलेले असताना शरीर हळूहळू पुढे सोडण्याचा नॉर्डिक व्यायाम करावा लागतो आणि आठवड्यातून एकदा कमाल वेगाच्या जवळ धावावे लागते. कारण वेगाला न सामोरा गेलेला स्नायू सामन्यात अचानक त्याला सामोरा जातो तेव्हा फाटतो. छोट्या क्लबांत जीपीएस बनियन किंवा एमआरआय नसेल, तर त्यांची जागा स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि रोज सकाळी भरलेली वही घेऊ शकते. ज्या प्रशिक्षकांच्या हाती संघाची यादी असते, त्यांनी खेळाडूचे नाव लिहिण्यापूर्वी “दुखतं का?” एवढेच न विचारता त्या वहीतील शेवटच्या आठवड्याची पाने उघडून पाहावीत आणि 90 टक्क्यांपलीकडचा वेग तिथे नोंदलेला नसेल तर ते नाव त्या दिवशी लिहू नये.