बांबूच्या झुमक्याचा फोटो

चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे.
या भागातले बांबूचे दागिने आता ऑनलाइनही विकले जातात.

बऱ्याच ऑनलाइन दुकानांत मुख्य फोटोत मागे पांढराशुभ्र रंग लागतो.
झुमका टांगलेला स्टँड दिसून चालत नाही.

अडचण इथेच येते.
बांबूची पट्टी फिकट असते.
मागे पांढरा कागद ठेवला,
तर मोबाईलमधलं मागचा भाग काढून टाकणारं अ‍ॅप पट्टीलाच कागद समजतं...
आणि पट्टीची कड खाऊन टाकतं.

म्हणून फोटो काढताना मागे राखाडी कागद लावा.
पांढरा रंग नंतर भरायचा.
रंगीत कागद मात्र नको, त्याची झाक बांबूवर उतरते.

झुमका बारीक दोऱ्याने टांगा.
दोरा झुमक्याच्या पुढून जाऊ देऊ नका.
मग दोरा पुसताना वस्तूला धक्का लागत नाही.

आता विणीतली भोकं पाहा.
अ‍ॅप ती बऱ्याचदा विसरतं, आत राखाडी रंग तसाच राहतो.
फोटो मोठा करून एकेक भोक हातानं पुसा.

शेवटी कापलेला झुमका क्षणभर काळ्या रंगावर ठेवून बघा.
राहिलेली किनार लगेच दिसते.

पुन्हा सांगते,
फोटो काढताना मागे राखाडी,
पांढरा नंतर.

आणि हो, बांबूची गाठ किंवा डाग पुसू नका.
गिऱ्हाइकाच्या हाती तोच झुमका जाणार आहे.