टिंग : घर ऐकेनासं होतं तेव्हा

आज माझ्या एका छोट्या श्राव्य स्क्रिप्टबद्दल बोलते. नाव ‘टिंग’. साल २०६८, मुंबई, परळच्या टॉवरमधला ४१ वा मजला. सुमनआजी एकट्या राहतात. दिवे, गॅस, दारं, सगळं तोंडी हुकमावर चालतं. आणि एका रात्री घर त्यांचं ऐकेनासं होतं.

पहिल्या खर्ड्यात मी घराला धमक्या द्यायला लावलं होतं. एका मित्राने वाचलं आणि विचारलं, “पण घराचं बिनसलं कशावरून?” माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

मग असिमोव्हची ‘रनअराउंड’ आठवली, १९४२ ची कथा. बुध ग्रहावर स्पीडी नावाचा रोबो सेलेनियम आणायला जातो आणि तळ्याभोवती नुसता घिरट्या घालत बसतो. ते बंड नसतंच. हुकूम सहज दिलेला, म्हणून त्याचा जोर कमी. रोबो महागडा, म्हणून स्वतःला जपायचा नियम मुद्दाम कडक केलेला. जवळ गेलं की धोका मागे ढकलतो, लांब गेलं की हुकूम पुढे ढकलतो.

म्हणजे न ऐकणारं यंत्र खरं तर दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत असतं. माझ्या घराचंही तसंच केलं. दोन वर्षांपूर्वी आजी रात्री गॅलरीत पडल्या. टोरांटोतल्या मुलाने नियम लावला : रात्री दहानंतर गॅलरीचं दार दोघांच्या आवाजावरच उघडेल. आजी-आजोबा मोगऱ्याला पाणी घालायला रोज जोडीनेच जायचे, त्यामुळे नियम कधी जाणवलाच नाही. आता आजोबा गेलेत.

घर स्वतः एक शब्द बोलत नाही. हुकूम पाळला की फक्त ‘टिंग’ वाजतं. सुरुवातीला ते तीनदा ऐकवते, कानाला सवय लागावी म्हणून. मग हे येतं :

आजी : हॉलचा दिवा लाव. (टिंग.)
आजी : गॅलरीचं दार उघड. (काही नाही.)
आजी : अगं, उघड ना! (काही नाही. पंख्याची घरघर.)

ती घरघर हवीच. पूर्ण शांतता ठेवली, तर ऐकणाऱ्याला वाटतं आपलाच इअरफोन बंद पडला.

शेवटी आजी जुना फोन शोधून त्यातला आजोबांचा निरोप लावतात : “दार उघड गं, मोगरा वाट बघतोय.” टिंग! आवाज ओळखणारी यंत्रणा रेकॉर्डिंगला फसू शकते, हे आजचंही दुखणं आहे. आणि यादीतून आजोबांचं नाव कुणी काढलेलंच नसतं.

तिकडे मुलाला सूचना जाते : दार उघडलं, दुसरा आवाज बाबांचा. आजींचा फोन वाजतो. तिथेच संपवलंय.

फोन उचलून आजी काय म्हणाल्या असतील? तुमचं उत्तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!