दोन नकाशे आणि त्यांमधला जमाखर्च



आज आम्ही जमिनीच्या नकाशांविषयी बोलणार आहोत. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमीन कोणाची हे लिहिलेले असते. आमच्या नकाशाला मालकाशी कर्तव्य नाही. जमिनीवर काय आहे एवढेच तो सांगतो: पीक, झाडी, माळ, पाणी की वस्ती. याला भू-आच्छादनाचा नकाशा म्हणतात. उपग्रहाने घेतलेले चित्र बारीक चौरस तुकड्यांचे बनलेले असते. त्या तुकड्याला पिक्सेल हे नाव आहे. प्रत्येक पिक्सेलवरून परत आलेला प्रकाश मोजून त्यावर झाडी, शेती अशी एकेक चिठ्ठी लावतात. सगळ्या चिठ्ठ्या लागल्या की नकाशा तयार झाला.

असे दोन नकाशे, दोन वेगळ्या वर्षांचे, हाती आले की कोणीही पहिल्यांदा बेरजा करतो. तेव्हा झाडी किती होती, आता किती आहे, वजाबाकी काय आली? हिशेब सोपा आहे आणि फसवाही आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालाचे उदाहरण घ्या. त्यात महाराष्ट्राचे वनाच्छादन 50,798 चौरस किलोमीटर दिले आहे. आधीच्या, 2019 च्या अहवालात ते 50,778 होते. म्हणजे वाढ 20 चौरस किलोमीटर, दहा हजारांत जेमतेम चार. हे वाचून मनुष्य म्हणेल की जंगल होते तिथेच आहे. पण या गणनेत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या शेंड्यांनी दहा टक्के भूमी झाकली की ते वनाच्छादन धरतात. जमीन कोणाची आणि झाड कोणते हे पाहत नाहीत. आंब्याची बाग त्यात येते आणि सह्याद्रीच्या कड्यावरची जुनी राईही येते. तेव्हा एकीकडे राई तुटली आणि दुसरीकडे बाग वाढली, तर बेरीज हलणार नाही. अहवालकर्तेही हे जाणतात, म्हणून प्रत्येक राज्यासाठी ते कशाचे काय झाले याचे कोष्टक छापतात. आज आपल्याला ते कोष्टक वाचायला शिकायचे आहे.

कोष्टक करण्याची रीत अशी. दोन्ही नकाशे एकमेकांवर नेमके बसवावयाचे. शेतीला 1, माळाला 2, झाडीला 3, वस्तीला 4 असे अंक द्यावयाचे. मग प्रत्येक पिक्सेलच्या जुन्या अंकाला दहाने गुणून त्यात नवा अंक मिळवावयाचा. 33 आले तर झाडीची झाडीच राहिली. 32 आले तर झाडीचा माळ झाला. शेवटी कोणता आकडा किती वेळा आला ते मोजावयाचे. आम्ही समजुतीसाठी एक हजार हेक्टरांचे काल्पनिक गाव घेतले आहे. आडव्या ओळीत जमीन पूर्वी काय होती ते आहे, उभ्या रकान्यात पंधरा वर्षांनंतर काय झाले ते.

| पूर्वी ↓ / नंतर → | शेती | माळ | झाडी | वस्ती | पूर्वीची बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| शेती | 540 | 20 | 20 | 20 | 600 |
| माळ | 30 | 140 | 20 | 10 | 200 |
| झाडी | 15 | 25 | 110 | 0 | 150 |
| वस्ती | 5 | 0 | 0 | 45 | 50 |
| नंतरची बेरीज | 590 | 185 | 150 | 75 | 1000 |

डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली येणारा कर्ण पाहा: 540, 140, 110, 45. ही न बदललेली जमीन, 835 हेक्टर. उरलेली 165 हेक्टर बदललेली. आता झाडीची ओळ आणि झाडीचा रकाना यांच्या बेरजा पाहा. पूर्वी 150, नंतरही 150. पण ओळीत वाचले तर 15 हेक्टर झाडी शेतीत गेली आणि 25 माळात गेली. रकान्यात वाचले तर 20 शेतीतून आली आणि 20 माळातून आली. चाळीस गेली, चाळीस आली. दुकानदाराच्या खात्यावर वर्षाअखेर शिल्लक तेवढीच दिसली, म्हणून वर्षभर देवघेव झालीच नाही असे कोणी म्हणत नाही. झाडीच्या बाबतीत मात्र आपण खुशाल तसे म्हणतो.

ही देवघेव वेगळी काढून दाखवण्याची पद्धत क्लार्क विद्यापीठातील रॉबर्ट गिलमोर पॉन्टियस व त्यांचे सहकारी यांनी 2004 मध्ये मांडली. बदलाचे ते दोन भाग करतात. बेरजांत दिसतो तो निव्वळ बदल आणि बेरजांत लपतो तो अदलाबदलीचा. आपल्या गावात वस्ती 25 हेक्टरांनी वाढली, शेती 10 आणि माळ 15 हेक्टरांनी घटला. निव्वळ बदल एवढाच, 25 हेक्टर. उरलेली 140 हेक्टर अदलाबदल आहे. दोन बेरजांची वजाबाकी करून थांबणाऱ्याला 165 पैकी फक्त 25 हेक्टर दिसतात.

येथवर ऐकून तुम्हांला वाटेल की कोष्टक मिळाले, खरे कळले. तसे नाही. खरी अडचण इथेच सुरू होते. चिठ्ठी लावणारा चुकतो. एखादा नकाशा शंभरांत नव्वद ठिकाणी बरोबर असला तर तो चांगला नकाशा समजतात. पण आपण दोन नकाशे एकमेकांवर ठेवतो. एकाच्या चुकांचा दुसऱ्याच्या चुकांशी संबंध नसेल, तर दोन्ही बरोबर अशी ठिकाणे नव्वदाचे नव्वद टक्के, म्हणजे शंभरांत एक्क्याऐंशी. उरलेल्या एकोणीस ठिकाणी निदान एक चिठ्ठी खोटी. आपल्या गावात बदल दिसला तो शंभरांत साडेसोळा. म्हणजे दिसलेल्या साऱ्या बदलाहून चुकांना मिळणारी जागा अधिक आहे! दोन्ही नकाशे एकाच जागी एकसारखे चुकले तर खोटा बदल दिसत नाही, एवढीच काय ती सवलत.

ही निव्वळ तर्काची भीती नव्हे. युरोपीय अवकाश संस्थेने साऱ्या जगाचे, दहा मीटरच्या पिक्सेलचे दोन नकाशे प्रसिद्ध केले, एक 2020 चा आणि एक 2021 चा. पहिल्याची अचूकता सुमारे 74 टक्के, दुसऱ्याची सुमारे 77. चिठ्ठी लावण्याची रीत मधल्या काळात सुधारली. नकाशा करणाऱ्यांनीच बजावले आहे की या दोहोंतील फरकात जमिनीचा बदल आणि रीतीचा बदल दोन्ही मिसळलेले आहेत. दुसरा नकाशा अधिक चांगला झाला, आणि नेमका त्यामुळेच तुलनेला तो अवघड झाला.

मग खोटा बदल ओळखावा कसा? कोष्टकच काही खुणा देते. आपल्या गावात वस्तीची 5 हेक्टर शेती झालेली दिसते. धरणाखाली गाव गेले तर वस्तीचे पाणी होते. परंतु घरे मोडून कोणी सहसा जोंधळा पेरीत नाही. पन्नासांत पाच, म्हणजे या वर्गात शंभरांत दहा चिठ्ठ्या संशयास्पद. जे होणे नाही ते चौकटीत दिसले, तर जे होणे शक्य आहे त्या चौकटींतही तेवढीच भेसळ असणार असे धरून चालावे. दुसरी खूण: शेतीची झाडी 20 आणि झाडीची शेती 15, असे समोरासमोरचे आकडे जवळजवळ सारखे आले की नकाशा उघडून पाहावे. बदल बांधाच्या कडेने एकेका पिक्सेलच्या पट्टीसारखा पसरला असेल, तर दोन नकाशे नेमके बसलेले नाहीत, एक किंचित सरकला आहे. तिसरी खूण ऋतूची. दख्खनच्या डोंगरांवरचा साग उन्हाळ्यापूर्वीच पाने झाडतो, आणि भाद्रपदातला माळ पिकासारखा हिरवागार दिसतो. एक चित्र पावसाळ्यानंतरचे आणि दुसरे उन्हाळ्याचे असेल, तर झाडीचा माळ झालेला दिसेल. कुऱ्हाड मात्र कोणी उचललेली नसेल.

खुणांनी संशय कळतो, हिशेब दुरुस्त होत नाही. त्यासाठी कोष्टकाच्या प्रत्येक चौकटीतून चिठ्ठ्या टाकून काही जागा निवडतात आणि दोन्ही वर्षांची अधिक बारीक चित्रे पाहून खरे काय ते ठरवतात. समजा, शेतीची झाडी झालेल्या 20 हेक्टरांतून 50 जागा तपासल्या आणि 15 खऱ्या निघाल्या. तीस टक्के, म्हणजे खरा बदल 6 हेक्टर. बहुतेक लोक येथे थांबतात. पण जिथे नकाशाने बदल नाही म्हटले तीही जागा तपासली पाहिजे. शेती ती शेतीच राहिली अशा 540 हेक्टरांतून 100 जागा घेतल्या आणि त्यांतील दोन जागी झाडी उगवलेली सापडली, असे समजा. दोन टक्के ऐकायला किरकोळ, पण 540 चे दोन टक्के म्हणजे जवळजवळ 11 हेक्टर! नकाशाने पकडलेल्या खऱ्या बदलाच्या जवळजवळ दुप्पट बदल नकाशाच्या दृष्टीतून निसटला होता. मोठ्या ढिगातील लहान चूक लहान ढिगाला गिळून टाकते.

आणि हे 11 हेक्टरही पक्के नव्हेत. शंभरांत दोन सापडले, यावरून खरे प्रमाण पाव टक्क्यापासून सात टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. म्हणजे सुमारे एका हेक्टरापासून 38 हेक्टरांपर्यंत. हा पल्ला कमी करावयाचा तर त्या मोठ्या चौकटीतूनच अधिक जागा तपासाव्या लागतील. त्याला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून हे काम टाळले जाते आणि कोरे कोष्टक लोकांसमोर येते.

हे तुम्हां नागरिकांपुढे मांडण्याचे कारण असे. तुमच्या गावाशेजारची टेकडी वस्तीसाठी मोकळी करावी की न करावी, असा प्रश्न उद्या येईल, तेव्हा कोणीतरी दोन रंगीत नकाशे घेऊन उभा राहील आणि झाडी घटलेली नाही म्हणून सांगेल. त्याला पहिल्याने विचारा, बेरीज नको, गेलेली झाडी किती आणि आलेली किती ते वेगवेगळे सांगा. मग विचारा, दोन्ही चित्रे कोणत्या महिन्यांतली आहेत आणि चिठ्ठ्या एकाच रीतीने लावल्या आहेत काय. शेवटी विचारा, बदल नाही म्हणून दाखवलेल्या जागांपैकी किती तपासल्या. गेलेली चाळीस हेक्टर जुनी राई असेल आणि आलेली चाळीस हेक्टर नव्या बागा असतील, तर बेरजेला त्यातला फरक कळणार नाही. तो त्या टेकडीखाली राहणाऱ्यांनाच कळेल, आणि तो वेळेवर विचारण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.