आधी सिम, मग ॲप

तलासरीहून उंबरगाव-वापीकडे कामाला जाणारे किंवा डहाणूच्या चिकूवाडीत राबणारे अनेक जण आता मोबाइलवर भीमसारखं ॲप घेतात. पहिली अडचण बहुतेकदा सिमकार्डाची असते. समजा, एका ताईंनी खातं उघडताना दिलेला नंबर पुढे बंद पडला. ॲप त्यांच्या फोनमधून एक एसएमएस आपोआप पाठवतं आणि त्याच नंबरवरून बँकेत खातं शोधतं. नंबर जुळला नाही, तर खातं सापडतच नाही. अशा वेळी ॲप पुन्हापुन्हा टाकून उपयोग नाही. आधार आणि पासबुक घेऊन शाखेत जा, नवा नंबर नोंदवा. दोन सिम असतील तर बँकेतलंच निवडा आणि त्यात एसएमएसपुरता बॅलन्स ठेवा.

खातं दिसलं, की एटीएम कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी टाकून यूपीआय पिन ठरवायचा. कार्ड नसेल, तर बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीनेही जमतं. मात्र आधारला तोच नंबर हवा. पहिल्या 24 तासांत पाठवायच्या रकमेवर मर्यादा असते, तेव्हा घाबरू नका.

आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी मागितलाच, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 लावा.