लेखकाच्या कामाचे मोजमाप

लिहिणाऱ्याचे काम चांगले की वाईट, हे आपण ठरवतो तरी कशावरून? बहुधा मनावर उमटलेल्या ठशावरून. हा ठसा किती फसवा असतो, याचा एक अनुभव आपणांस सांगतो.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका आम्ही काढायला घेतली होती. प्रत्येक तालुक्यावर सुमारे २,००० शब्द. दोन माजी विद्यार्थ्यांना एकेक तालुका वाटून दिला, संपादन माझ्याकडे. ज्याचे काम सरस ठरेल त्यालाच पुढचे, चार पैसे देणारे काम मिळावयाचे होते. आंबेगावचे हस्तलिखित सहाव्या दिवशी हाती आले, जुन्नरचे अकराव्या. झाले! पहिला तडफदार, दुसरा चेंगट, असा निकाल मी मनातल्या मनात देऊनही टाकला.

पुढे शिफारस लिहिताना मात्र वही काढून बसलो. प्रथम चुका मोजल्या. मजकुराच्या चुका एका रकान्यात, भाषेच्या दुसऱ्या. आणि तीच चूक पाच वेळा आली तरी ती एकच धरली. आंबेगावच्या लेखात आठ चुका निघाल्या, म्हणजे हजार शब्दांना चार. त्यांतल्या तीन मजकुराच्या होत्या. जुन्नरच्या लेखात चार निघाल्या, हजारी दोन, चारही ऱ्हस्व-दीर्घाच्या. वेलांटी चुकली तर वाचक हसतो. माहिती चुकली तर तो फसतो. म्हणून दोन्हींची बेरीज करू नये.

आता दिवसांचे पाहा. जुन्नरच्या लेखकाला कोणती स्थळे घ्यावयाची त्यांची यादी मी चार दिवस उशिरा दिली होती. म्हणजे त्याचे खरे दिवस सात. घड्याळ लावायचे ते काम सांगितल्यापासून नव्हे, तर सारे साहित्य लेखकाच्या हाती पडल्यापासून. आणि थांबवायचे ते लेख छापण्याजोगा झाल्यावर. आंबेगावचा लेख दुरुस्त होऊन यायला आणखी सहा दिवस लागले. एकूण बारा. जुन्नरच्या लेखाला दुरुस्तीचा एकच दिवस लागला. एकूण आठ.

फेऱ्यांचेही तसेच. दोन्ही लेख तीन-तीन वेळा परत गेले, पण कारणे निराळी होती. आंबेगावचा तिन्ही वेळा लेखकाच्या चुकांमुळे गेला. जुन्नरचा एकदाच त्याच्या चुकीने. उरलेल्या दोन वेळा मीच बेत बदलला होता. आधी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर परिच्छेद घालायला लावला, मग तोच निम्मा करायला सांगितला. सांगणाऱ्याचे मन बदलले, त्याचा दंड लिहिणाऱ्याला कशासाठी? म्हणून परत पाठवतानाच कागदाच्या कडेला कारण लिहून ठेवावे. महिन्यानंतर कोणाला आठवते!

राहिली स्वतंत्रता. शिवनेरी किंवा लेण्याद्री यांची माहिती कोणी नव्याने निर्माण करीत नाही. स्वतंत्र असावयाची ती मांडणी आणि शब्द. आंबेगावच्या लेखात एक वाक्य होते: ‘घोड नदीच्या काठी वसलेल्या आंबेगावात आठवड्याचा बाजार भरतो.’ अहो, ते जुने आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याच्या कचेऱ्या आहेत घोडेगावात! एका जुन्या पुस्तकातला परिच्छेद शब्द फिरवून उतरला होता, आणि त्याबरोबर त्या पुस्तकाचा काळही उतरला होता. उसना मजकूर असा शिळेपणावरून ओळखू येतो. शंका आली, तर कोणतेही तीन परिच्छेद निवडून ‘हे कुठून घेतले, त्यात तुझे काय?’ एवढेच विचारावे. ज्याने स्वतः जुळवाजुळव केली आहे, तो चटकन सांगतो.

येथवर मी न्यायाधीश होतो. पण संपादकालाही हेच माप लावले पाहिजे. त्याच्या दोन गोष्टी मोजाव्यात: नजरेतून सुटलेल्या चुका आणि त्याने स्वतः घातलेल्या चुका. जुन्नरच्या लेखकाने शिवजन्माची तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी बरोबर लिहिली होती. लहानपणी वाचलेले १६२७ साल माझ्या डोक्यात पक्के. मी ती तारीख खोडून तेच घातले! मुद्रितात लेखकानेच ते पकडले. सुटलेल्या चुकीपेक्षा घातलेली चूक वाईट, कारण तेथे बरोबर असलेले बिघडते.

या मोजणीला मर्यादा आहेत. एका लेखावरून माणूस ठरवू नये. निदान पाच-सहा लेख हवेत. आणि तपासणाऱ्याला जितके कळते, तितक्याच चुका त्याला सापडतात. चारही मापांचा एकच आकडा करून गुण देण्याचा मोहही टाळावा. तडफेने आलेले गुण खोट्या माहितीवर पांघरूण घालतात.

पुढचे काम जुन्नरच्या लेखकाला मिळाले. आंबेगावच्या लेखकाला मी वही दाखवली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, यात तुमचाही रकाना आहे का?” मी पान उलटून तोही दाखवला.