दादांना लूपमध्ये घेतलं, पण सांगितलं काय?

मी शनिशिंगणापूरचा. आमच्या गावात घरांना चौकट असते, दार नसतं, हे तुम्ही ऐकलंच असेल. कुणीही आत येऊ शकतं. पण आलेल्या पाहुण्याला कुठे बसायचं, हे घरातल्या कुणीतरी सांगावं लागतं. मेलमध्ये आपण माणूस आत घेतो आणि हेच विसरतो.

मी बाहेरून येणाऱ्या ग्रुपच्या राहण्या-जेवणाची सोय बघतो. पुण्याच्या एका ऑफिसची मंडळी शनिवारी येणार होती. तारीख, बस, खोल्या, असं करत ४१ मेल झाले. गुरुवारी मी स्वयंपाकाचं काम घेणाऱ्या दादांना त्यात जोडलं आणि लिहिलं, ‘दादांना लूपमध्ये घेतोय. दादा, खालचे मेल बघून घ्या.’

शनिवारी माणसं आली ५२ आणि जेवण होतं ३८ जणांचं. वर ११ जणांचा शनिवारचा उपवास, आणि साबुदाण्याचा पत्ता नाही!

मी दादांवर चिडलो. त्यांनी शांतपणे फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर माझ्या दोन ओळी, खाली तीन टिंबं. त्यांनी टिंबं दाबून बिचाऱ्यांनी अंगठ्यानं खालपर्यंत वाचलं होतं. तिथे ३८ च होते. ५२ चा आकडा त्यांच्याकडे पोचलेलाच नव्हता.

कारण असं. नव्या माणसाला आधीचे ४१ मेल मिळत नाहीत. आपण ज्या मेलला उत्तर देतो, त्याच्या पोटात जेवढा जुना मजकूर असतो, तेवढाच त्याला दिसतो. ऑफिसच्या ताईंनी ५२ कळवले होते एका जुन्या मेलला उत्तर देऊन, म्हणजे वेगळ्या फांदीवर. माझ्या जीमेलमध्ये सगळं एकाच गठ्ठ्यात दिसत होतं, म्हणून मला ते कळलं नाही. उपवासाची यादी एक्सेलमध्ये होती. रिप्लाय केला की जुनी अटॅचमेंट पुढे जात नाही, फॉरवर्ड केलं तर जाते. मी रिप्लाय केला होता.

महिन्याभरानं त्याच ऑफिसची दुसरी बॅच आली. या वेळी मी असं लिहिलं:

‘या मेलमध्ये दादांना जोडतोय, शनिवारचा स्वयंपाक ते करतील.
दादा, शनिवारी दुपारी साडेबाराला ४६ जणांचं जेवण हवंय, त्यात ९ उपवासाचे. जमेल का आणि ताटाचा दर काय, हे शुक्रवारी सकाळी ११ पर्यंत कळवा.
आधी ४० माणसं ठरली होती, आता ४६ नक्की. दोन बस येतील, दर्शन करून थेट जेवायला. पंगत आमच्या मागच्या शेडमध्ये.
दर्शनाला गर्दी असली तर जेवण दीडला. ते ताई शनिवारी सकाळी फोनवर सांगतील.
उपवासाची यादी सोबत पुन्हा जोडलीय. खालचे मेल वाचायची गरज नाही.’

बघा, काम सगळ्यात वर आहे. आधी घडलेली गोष्ट सांगत बसलो असतो, तर दादांनी काम कुठंय ते शोधत बसायचं. आणि जुना ४० चा आकडा मी मुद्दाम लिहिला. खाली कुठेतरी तो त्यांना दिसणारच, मग खरा कोणता असा गोंधळ नको.

आता यात एक पथ्य आहे. खालच्या मजकुरात तुमची दराची घासाघीस असेल, तर तीही नव्या माणसाला जाते. आमच्या गावात २०११ मध्ये युको बँकेनं बिनकुलपाची शाखा काढली, पण रोकड काही तिनं टेबलावर ठेवली नाही. तसं काही असेल तर तो भाग पाठवण्याआधी खोडा. किंवा सरळ नवा मेल लिहा. मग मात्र उत्तरं दोन ठिकाणी येतात आणि दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. मी तर खोडतोच. फोनवर हे जरा किचकट आहे, लॅपटॉपवर पटकन होतं.

गोषवारा जमला की नाही, हे पहिल्या उत्तरात कळतं. समोरच्यानं ‘किती माणसं?’ असं विचारलं, तर आपण नापास. आणि जुनी मंडळीही तो वाचतात बरं का. माझा मेल गेल्यावर पाच मिनिटांत ताईंचं उत्तर आलं, ‘उपवासाचे ९ नाही, १३ झालेत. यादी जुनी आहे.’ हे शनिवारी पंगतीत कळलं असतं तर?

त्याखालीच दादांचं उत्तर होतं: ‘जमेल. १३ उपवासाचे धरतो. दर संध्याकाळी सांगतो. शेंगदाण्याचं कूट तुमच्याकडे आहे का मी आणू?’